पुढचं पद मागच्याच्या किती पट?

खाली दिलेली बेरीज कॅल्क्युलेटरवर करायला घ्या.

1!/1000 + 2!/1000² + 3!/1000³ + 4!/1000⁴ + …

उद्गारचिन्ह म्हणजे क्रमगुणित, कॉलेजच्या भाषेत फॅक्टोरियल. ४! म्हणजे ४ × ३ × २ × १, अर्थात २४. पहिलं पद ०.००१, दुसरं ०.०००००२, तिसरं ०.००००००००६. सहा पदांची बेरीज होते ०.००१००२००६०२४१२०७२०. दशांश चिन्हानंतर तीन-तीन अंकांचे गट पाडले, तर १, २, ६, २४, १२०, ७२० ही क्रमगुणितं ओळीनं उभी दिसतात. सातवं क्रमगुणित ५०४०. ते तीन अंकांत मावत नाही, म्हणून तिथे ही शिस्त मोडते. पण बेरजेला त्यानं काही धक्का लागत नाही. आणखी दहा-वीस पदं मिळवली तरी सुरुवातीचे अंक जागचे हलत नाहीत. बेरीज ०.००१००२… पाशी स्थिर झाली, असंच कुणीही म्हणेल.

आता दुसरी बेरीज.

100/1! + 100²/2! + 100³/3! + 100⁴/4! + …

पहिलं पद १००, दुसरं ५,०००, तिसरं एक लाख सहासष्ट हजारांच्या वर. शंभराव्या पदापर्यंत पोचलो की एकेका पदातच ४३ अंक असतात. ही बेरीज हाताबाहेर जाणार, हेही कुणीही सांगेल.

दोन्ही अंदाज चुकीचे आहेत. पहिल्या श्रेढीची बेरीज कुठल्याही मर्यादेत राहत नाही. दुसरीची मात्र एक ठरावीक बेरीज आहे. ती ४४ अंकी आहे खरी, पण ठाम आहे. आणि हे कळायला हजारो पदं मिळवावी लागत नाहीत, दोन ओळींचं गणित पुरतं. त्या दोन ओळींना गुणोत्तर कसोटी म्हणतात. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी गणित घेतलेल्या बहुतेकांनी ती पाठ केलेली असते. ती नेमकं काय पाहते, हे मात्र सूत्र पाठ असूनही निसटून जातं.

आधी ‘अनंत पदांची बेरीज’ म्हणजे काय ते स्पष्ट करून घेऊ, कारण अनंत पदं प्रत्यक्षात कुणीच मिळवत नाही. आपण पहिल्या पदापर्यंतची बेरीज लिहितो, मग पहिल्या दोनांची, पहिल्या तीनांची, असं पुढे जातो. या आंशिक बेरजा एखाद्या ठरावीक संख्येच्या हवं तितकं जवळ जाऊन तिथेच राहत असतील, तर श्रेढी अभिसारी आणि ती संख्या म्हणजे तिची बेरीज. तसं होत नसेल तर श्रेढी अपसारी. या लेखात सगळी पदं धन आहेत असं धरून चालू. त्यामुळे आंशिक बेरजा वाढतच जाणार. त्या कुठेतरी अडतात की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

पदं लहान लहान होत शून्याकडे जायला हवीत, हे उघड आहे. पण तेवढं पुरत नाही. १ + १/२ + १/३ + १/४ + … ही हरात्मक श्रेढी पाहा. तिची पदं शून्याकडे जातात, तरी बेरीज अमर्याद वाढते. ती वाढते मात्र कमालीची सावकाश. १० चा आकडा ओलांडायला तिला १२,३६७ पदं लागतात. म्हणजे पद किती लहान आहे, याकडे बघून निर्णय देता येत नाही. मग बघायचं कशाकडे?

जाँ ल रों दालांबेर या फ्रेंच गणितज्ञाला हा प्रश्न अठराव्या शतकात पडला होता. त्याचं नाव ज्या चर्चवरून आलं, त्या पॅरिसच्या चर्चच्या पायऱ्यांवर १७१७ साली तान्हेपणी तो सोडून दिलेला सापडला होता. पुढे त्यानं दिदरोबरोबर फ्रेंच ज्ञानकोशाचं संपादन केलं. १७६८ साली छापलेल्या एका लेखनात त्यानं वर्गमूळ काढण्याची एक श्रेढी तपासली. ती तपासण्याजोगीच होती. तिची पदं सुमारे तीनशेव्या पदापर्यंत आकारानं कमी होत जातात आणि तिथून पुढे वाढायला लागतात. त्या काळी गणित हातानं चाले. शंभर पदं काढून थांबलेल्या माणसाला ही श्रेढी निर्धोक वाटली असती. ही गफलत कशी पकडायची, तर प्रत्येक पद आधीच्या पदाच्या किती पट आहे ते पाहायचं आणि ही पट पुढे पुढे १ च्या कोणत्या बाजूला जाते ते बघायचं. कसोटीला त्याचं नाव मिळालं ते यामुळे. आज पुस्तकात असते तशी नेटकी मांडणी आणि सिद्धता मात्र कोशीनं १८२१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात दिली.

कसोटी अशी आहे. श्रेढीचं n वं पद aₙ म्हणू. पुढचं पद भागिले हे पद, म्हणजे aₙ₊₁/aₙ, हे गुणोत्तर काढायचं. n वाढत जाताना हे गुणोत्तर ज्या संख्येकडे जातं, तिला L म्हणू. L जर १ पेक्षा लहान असेल तर श्रेढी अभिसारी. १ पेक्षा मोठा असेल तर अपसारी. आणि L बरोबर १ आला, तर कसोटी काहीच सांगत नाही.

सुरुवातीच्या दोन श्रेढींना ती लावून पाहू. पहिलीत n वं पद n!/1000ⁿ आहे. पुढच्या पदात वर (n+1)! येतं. ते म्हणजे (n+1) × n!, कारण क्रमगुणित हे मागच्या क्रमगुणिताला एका संख्येनं गुणूनच बनतं. खाली एक हजार जास्तीचा येतो. भागाकारात n! आणि 1000ⁿ दोन्ही उडतात आणि उरतं फक्त (n+1)/1000. n जोवर ९९९ पेक्षा लहान, तोवर हे १ पेक्षा कमी, म्हणून पदं घटत राहतात. हजारावं पद इतकं बारीक असतं, की दशांश चिन्हानंतर चारशेहून जास्त शून्यं लिहावी लागतात. नेहमीच्या संगणकी आकडेमोडीत एवढी लहान संख्या बसतच नाही, तिथे तिचं सरळ शून्य होतं. पण हजारापुढे गुणोत्तर १ च्या वर जातं आणि वाढतच राहतं. दोन हजारांच्या आसपास प्रत्येक पद मागच्याच्या दुप्पट होतं आणि २,७०० च्या थोडं पुढे ती चारशे शून्यं भरून निघून पद १ पेक्षा मोठं होतं. श्रेढी अपसारी. हा २,७०० चा आकडा लक्षात ठेवा, त्याचं मूळ पुढे सापडणार आहे.

दुसऱ्या श्रेढीत तेच उलटं. गुणोत्तर 100/(n+1). पहिली नव्याण्णव पदं चढती, मग उतार, आणि गुणोत्तर शून्याकडे जात असल्यामुळे तो उतार अधिकाधिक तीव्र होत जातो. L = ०, श्रेढी अभिसारी.

सुरुवातीची हजार पदं काय करतात, याला इथे काडीची किंमत नाही. कितीही मोठी असली तरी ती मोजकी आहेत आणि मोजक्या पदांची बेरीज ठरावीकच असते. निकाल लागतो तो शेपटीत.

पण गुणोत्तर १ पेक्षा कमी असलं की बेरीज अडते, हे कशावरून? याचं उत्तर शाळेत शिकलेल्या भूमितीय श्रेढीत आहे. तिथे प्रत्येक पद मागच्याला एकाच संख्येनं गुणून मिळतं. ती संख्या q म्हणू. १ + q + q² + q³ + … ची बेरीज, q धन आणि १ पेक्षा लहान असेल तर, १/(१ − q) इतकी येते. आता आपल्या श्रेढीचं गुणोत्तर L कडे जातं आहे आणि L १ पेक्षा लहान आहे, असं समजा. L आणि १ यांच्या मधली एखादी संख्या q म्हणून निवडायची. गुणोत्तर L च्या जवळ जात असल्यामुळे कुठल्या तरी पदापासून पुढे ते कायम q च्या खाली राहतं. म्हणजे तिथून पुढे आपली पदं q च्या भूमितीय श्रेढीपेक्षा जास्त वेगानं घटतात. ती श्रेढी अडते, मग तिच्याहून लहान पदांची आपली श्रेढीही अडतेच. L मोठा असेल तर उलटं. कुठल्या तरी पदापासून प्रत्येक पद मागच्याहून मोठं, म्हणून पदं शून्याकडे जातच नाहीत.

L आणि १ यांच्या मध्ये जागा लागते ती q बसवायला. L बरोबर १ असला तर ही जागाच नसते. कसोटी गप्प का बसते, त्याचं कारण एवढंच.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. क्रमगुणितांच्या उदाहरणांत मला हे सगळ्यांत आवडतं, कारण त्यात क्रमगुणिताची गाठ त्याच्याहून बलवान गड्याशी पडते.

1!/1¹ + 2!/2² + 3!/3³ + 4!/4⁴ + …

हजाराच्या घातांना क्रमगुणित शेवटी मागे टाकतं, ते आपण पाहिलं. इथे छेदात nⁿ आहे. म्हणजे पायाही वाढतो आणि घातही. पहिली पदं अशी: १, ०.५, ०.२२२२, ०.०९३७५, ०.०३८४. घटताना दिसतात. पण ‘दिसण्या’वर जायचं नाही, हे आता ठरलेलं आहे.

गुणोत्तर लिहू. वर (n+1)! भागिले n!, म्हणजे नुसतं (n+1). खाली (n+1)ⁿ⁺¹ भागिले nⁿ. वरचा (n+1) आणि खालच्या n+1 घातांपैकी एक उडतो. उरतं:

aₙ₊₁/aₙ = nⁿ/(n+1)ⁿ = (n/(n+1))ⁿ

इथवर बहुतेक विद्यार्थी बिनचूक येतात. घसरतात ते पुढच्या पायरीवर. n/(n+1) हे १ कडे जातं, १ चा कितवाही घात १ च, म्हणून L = १, कसोटी गप्प, असं लिहून मोकळे होतात. तर्क सरळ वाटतो, पण त्यात एक फट आहे. कंसातली संख्या १ कडे सरकते खरी, पण त्याच वेळी घातही वाढतो आहे. कंस १ पेक्षा जरासा कमी आणि तो ‘जरासा’ n वेळा गुणला जातो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असताना एक आधी संपवून मग दुसरीकडे वळणं चालत नाही. शंका आली तर एखादी मोठी संख्या घालून पाहावी. n = १० घातलं तर ०.३८५५ येतं, १०० घातलं तर ०.३६९७, १००० घातलं तर ०.३६८१. हे १ कडे जाण्याचं लक्षण नव्हे.

मग कुठे जातं? गुणोत्तर उलटं करून पाहिलं की ओळखीचा चेहरा दिसतो: (1 + 1/n)ⁿ. याकोब बर्नुली सतराव्या शतकाच्या अखेरीस चक्रवाढ व्याजाचा विचार करत असताना हीच राशी त्याच्यासमोर आली होती. वर्षाला शंभर टक्के व्याज, पण ते वर्षातून n वेळा मुद्दलात मिळवायचं, तर एका रुपयाचे वर्षअखेर किती होतील? व्याज मिळवण्याची पाळी कितीही वाढवली तरी रक्कम २.७१८२८… च्या पुढे जात नाही. या संख्येला पुढे ऑयलरनं e हे अक्षर दिलं. आपलं गुणोत्तर तिच्या उलट, म्हणजे १/e कडे जातं. L = ०.३६७८८ च्या जवळपास, १ पेक्षा बराच खाली. श्रेढी अभिसारी.

बहुतेक पुस्तकं इथे उत्तराखाली रेघ मारतात. पण हातात आलेलं गुणोत्तर यापुढेही कामाला येतं, हे सांगायचं राहून जातं. q म्हणून ०.४ निवडा. पाचव्या पदाकडून सहाव्याकडे जाताना गुणोत्तर ०.४०१९ आहे, थोडं वर. सहाव्याकडून सातव्याकडे ०.३९६६, खाली. आणि हे गुणोत्तर कायम घटतंच, म्हणून सहाव्या पदापासून पुढे आपण निर्धास्त. कसोटीच्या सिद्धतेतलं ‘कुठल्या तरी पदापासून’ इथे नेमकं सहावं पद ठरलं.

पुढे जाऊन बेरीजही काढता येते. पहिली दहा पदं मिळवली तर १.८७९६३ येतात. राहिलेल्या अनंत पदांचं काय? दहावं पद ०.०००३६२८८ आहे आणि तिथून पुढे गुणोत्तर कधीच ०.३८५५४ च्या वर जात नाही. म्हणून उरलेली सगळी पदं मिळून या गुणोत्तराच्या भूमितीय श्रेढीपेक्षा जास्त भरणार नाहीत. ती बेरीज येते ०.०००२२८. म्हणजे खरं उत्तर १.८७९६३ आणि १.८७९८६ यांच्या मध्ये कुठेतरी आहे. दहा पदांत, कागदावर, हमीसकट. संगणकानं काढलेली किंमत १.८७९८५३… अशी आहे.

याच श्रेढीला आता थोडं डिवचू. प्रत्येक पदाला 2ⁿ नं गुणलं, तर पदं होतात २, २, १.७८, १.५, १.२३… आणि 3ⁿ नं गुणलं, तर ३, ४.५, ६, ७.५९, ९.३३… गुणोत्तर काढताना एक २ किंवा एक ३ जास्तीचा येतो, बाकी सगळं तसंच राहतं. पहिल्यात L = २/e, म्हणजे ०.७३६, अभिसारी. दुसऱ्यात L = ३/e, म्हणजे १.१०४, अपसारी. e ही संख्या २ आणि ३ यांच्या मध्ये आहे, तेवढ्यावर हा फैसला झाला.

मघाच्या २,७०० चं कोडंही इथेच सुटतं. n!/nⁿ या पदाचं गुणोत्तर १/e कडे जातं, याचा ढोबळ अर्थ असा, की n! हे (n/e)ⁿ च्या आसपास वाढतं. मग n! नं 1000ⁿ ला कधी गाठायचं? साधारण n/e एक हजार झालं की, म्हणजे n = २,७१८ च्या सुमारास. प्रत्यक्षात चार-पाच पदं आधीच गाठतं, कारण अंदाज ढोबळ आहे.

मग 2ⁿ आणि 3ⁿ सोडून नेमकं eⁿ नं गुणलं तर? L = e/e = १. कसोटी गप्प.

गप्प बसते याचा अर्थ दोन्ही शक्यता खरोखर खुल्या असतात. हरात्मक श्रेढीत गुणोत्तर n/(n+1), सीमा १, आणि श्रेढी अपसारी. १ + १/४ + १/९ + १/१६ + … या वर्गांच्या श्रेढीत गुणोत्तर त्याचाच वर्ग, सीमा पुन्हा १, पण ही अभिसारी. तिची बेरीज π²/६ आहे, हे ऑयलरनं शोधलं. दोघींचं गुणोत्तर तेच सांगतं आणि निकाल मात्र उलटसुलट. हरात्मक श्रेढीत आणखी एक सापळा आहे. तिचं प्रत्येक गुणोत्तर १ पेक्षा कमी आहे, एकही अपवाद नाही. ‘गुणोत्तर १ पेक्षा कमी, म्हणून अभिसारी’ असं उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्याचे गुण इथेच जातात. कमी असायला हवी ती सीमा, सुटं सुटं गुणोत्तर नव्हे.

eⁿ वाल्या श्रेढीत मात्र सुटं गुणोत्तरच आपल्याला सोडवतं. ते आहे e भागिले (1 + 1/n)ⁿ. बर्नुलीची रक्कम e कडे जाते, पण खालून जाते, तिला कधीच गाठत नाही. म्हणून हा भागाकार प्रत्येक n साठी १ पेक्षा जास्त आहे, भले केसाएवढा का असेना. म्हणजे प्रत्येक पद मागच्याहून मोठं. पदं घटतच नाहीत, मग शून्याकडे कुठून जाणार? श्रेढी अपसारी. कसोटीची सीमा मुकी राहिली, पण ती काढताना लिहिलेली ओळ बोलली. नेहमीच असं नशीब नसतं. वर्गांच्या श्रेढीसाठी वेगळ्या, जास्त बारीक कसोट्या लागतात.

क्रमगुणितांच्या गणितात हात बसला की एक भव्य श्रेढी तपासायची हिंमत होते. केंब्रिजला पोचलेल्या रामानुजनांनी १९१४ साली छापलेल्या निबंधात ती आहे. तिच्या बेरजेला 2√2/9801 नं गुणलं की १/π मिळतो, असं ते म्हणतात. तिचं n वं पद, n शून्यापासून धरून, असं आहे:

(4n)! × (1103 + 26390n) / ((n!)⁴ × 396⁴ⁿ)

पाहताक्षणी धडकी भरते. गुणोत्तर काढताना मात्र एकच गोष्ट सांभाळायची. (4n)! च्या पुढचं क्रमगुणित (4n+1)! नाही, (4n+4)! आहे, कारण n च्या जागी n+1 येतो. एकाऐवजी चार अवयव जास्तीचे येतात: (4n+1), (4n+2), (4n+3), (4n+4). ही चूक सर्रास होते आणि तिनं सगळं उत्तर बिघडतं. छेदात (n!)⁴ मुळे (n+1) चार वेळा येतो. मोठ्या n साठी वरचा प्रत्येक अवयव खालच्याच्या चौपट, म्हणून त्या चार जोड्या मिळून ४ चा चौथा घात. ११०३ आणि २६३९० असलेला कंस दिसायला कितीही गूढ असला, तरी त्याचं गुणोत्तर १ कडे जातं आणि तो निकालातून बाहेर पडतो. ३९६ चा चौथा घात छेदात राहतो. म्हणून L = (4/396)⁴ = (1/99)⁴ = 1/96059601.

साडेनऊ कोटींहून मोठ्या संख्येनं भाग! श्रेढी अभिसारी आहे, यात शंकाच नको. पण L चा आकारही काहीतरी सांगतो. प्रत्येक पद मागच्याच्या सुमारे दहा कोटीवा भाग आहे, म्हणजे एक पद वाढवलं की π चे जवळपास आठ नवे अंक हाती लागतात. फक्त पहिलं पद घेतलं तरी π ची किंमत ३.१४१५९२७३ येते, सहा दशांश स्थळांपर्यंत बरोबर.

१९८५ साली बिल गॉस्पर या अमेरिकन गणितज्ञानं हीच श्रेढी संगणकावर घालून π चे एक कोटी पंचाहत्तर लाखांवर अंक काढले. पदामागे आठ अंक धरले, तर सुमारे बावीस लाख पदं. पण श्रेढीची बेरीज रामानुजन म्हणतात तेवढीच आहे, याची पूर्ण सिद्धता त्या वेळी कुणाकडे नव्हती. गुणोत्तर कसोटी बेरीज आहे एवढंच सांगते. ती १/π शी जुळते की नाही, हा तिच्या कक्षेतला प्रश्नच नाही. म्हणून गॉस्परला आपले अंक इतरांनी वेगळ्या पद्धतीनं आधी काढलेल्या अंकांशी ताडून पाहावे लागले. ते जुळले. सिद्धता जोनाथन आणि पीटर बॉरवाइन या भावांनी १९८७ साली दिली.